पान एकशे सदतीस

माझं बारामतीत डीटीपीचं दुकान आहे. बावीस वर्षं मी लोकांचं टाईप करतो. अर्ज, पत्रिका, प्रश्नपत्रिका. या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना पटत नाही. आम्ही टाईप करताना वाचत नाही. डोळा अक्षर बघतो, बोट ते मारतं, अर्थ मध्ये येत नाही. अर्थाकडे लक्ष गेलं की हात मंदावतो. मला याचा अभिमान होता. "तासाला सहा पानं, आणि एक ओळ विचारलीत तर सांगता येणार नाही," असं मी गिऱ्हाइकांना हसत सांगायचो.

माझी बायको स्वरूपा इंदापूरला एका खासगी नर्सिंग कॉलेजात शिकवायची. रोज जळोचीतल्या आमच्या घरून निघून एसटीनं जायची. मागच्या डिसेंबरात ती गेली. स्तनाचा कर्करोग. कळला तेव्हा पसरलेला होता. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, दीड वर्ष आधी आला असतात तर गोष्ट वेगळी होती. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेल्या प्रत्येकाला मी एकच सांगितलं. दुखत नव्हतं, त्यामुळं तिलाही कळलं नाही आणि मलाही. कळायला काही मार्गच नव्हता. या एका वाक्यावर मी सहा महिने काढले.

जूनमध्ये मोनाली आली. स्वरूपाची विद्यार्थिनी, आता त्याच कॉलेजात शिकवते. तिनं पेन ड्राईव्ह दिला. त्यात स्वरूपाच्या नोट्सची एक पीडीएफ होती, दोनशे बारा पानं.

"काका, मॅडमच्या नोट्स सगळ्यांना पाहिजेत. पन हे नुसतं स्कॅन हाय. पोरी मोबाइलवर शब्द शोधतात, सापडतच न्हाय."

त्या नोट्स मीच तीन वर्षांपूर्वी तिच्या हस्ताक्षरावरून टाईप केल्या होत्या. पण तो संगणक जळाला आणि मूळ फाइल गेली. उरल्या होत्या झेरॉक्सच्या झेरॉक्स. कॉलेजनं त्या स्कॅन करून यंत्राकडून अक्षरं ओळखून घेतली होती. त्या पानांच्या पोटातला मजकूर बाहेर काढला तर चिखल निघाला. 'जंतुसंसर्ग'चे तीन तुकडे, रफार भलत्याच अक्षरावर, ओळी मध्येच तुटलेल्या. ०.५ मिलीमधलं टिंब गायब. तो आकडा मी चित्र बघूनच दुरुस्त केला, तिथं अंदाज चालत नाही.

मोनालीनं मार्कडाउन समजावलं. साध्या मजकुराची फाइल. ओळीच्या सुरुवातीला एक हॅश (#) दिला की धड्याचं नाव, दोन दिले की उपविषय. मोबाइलवरच्या ॲपमध्ये शीर्षकांची यादी आपोआप होते, बोट लावलं की तो भाग उघडतो. यंत्राला ठळक अक्षर कळलेलं नव्हतं, म्हणून शीर्षक कुठलं हे मला प्रत्येक पानाच्या चित्रावरून ठरवायचं होतं.

"एकच सांगते काका. मॅडमचा एक शब्दबी वाढवायचा न्हाय, गाळायचा न्हाय."

शेजारचा सोमनाथ स्टोव्ह दुरुस्त करतो. तो चहा घेऊन आला की मागं उभा राहायचा.

"ज्ञानदेवराव, सगळ्या गावाचं मराठी नीट केलंत, आन् आता घरच्या नोट्सला कुंपण घालताय व्हय?"

"हॅश हाय तो."

"कुंपणच हाय. म्हशी आत येत्याल म्हणून."

सहा-सात महिन्यांत मी तेव्हा पहिल्यांदा हसलो असेन.

प्रत्येक पानाच्या खाली एक ओळ होती. 'अक्षरजुळणी : ज्ञानदेव डीटीपी, बारामती' आणि तारीख. यंत्रानं ती वाक्यांच्या मध्ये घुसवली होती. शोधा-आणि-बदला लावून मी ती काढत गेलो. काही ठिकाणी यंत्रानं माझं नावही चुकीचं वाचलेलं, त्या ओळी हातानं काढल्या. काम छान चाललं होतं. हात चालत होता, डोकं रिकामं होतं. मला तेच हवं होतं.

पान एकशे सदतीस आलं. धडा नववा, स्तनांची स्वयंतपासणी. या पानावर दोन रकाने होते. डावीकडे तपासणीच्या पायऱ्या, उजवीकडे एका रुग्णाचं उदाहरण. यंत्रानं रकाने ओळखले नव्हते, आडवं वाचत गेलं होतं. त्यामुळं एक ओळ तपासणीची, एक ओळ रुग्णाची, अशी सरमिसळ झालेली.

'पाळीनंतर सातव्या दिवशी वय बेचाळीस, स्वतः परिचारिका आरशासमोर उभे राहून डाव्या बाजूस गाठ.'

अक्षरं दुरुस्त करता येतात न वाचता. हे न वाचता सुटणार नव्हतं. कुठलं वाक्य कुठलं, हे अर्थावरूनच ठरणार होतं. मी एकेक ओळ उचलून वेगळी ठेवायला लागलो. रुग्णाची बाजू अशी जमली.

'वय बेचाळीस, स्वतः परिचारिका. डाव्या बाजूस गाठ, तीन महिने. दुखत नाही. रोज एसटीने प्रवास. परीक्षा झाल्यावर दाखवू म्हणते. घरी सांगितलेले नाही.'

मी ते परत वाचलं. मग चित्रावर गेलो, माझ्याकडून काही भलतंच जुळलंय का ते बघायला. जुळणी बरोबर होती. चित्रात पानाखाली ती ओळ होती, जी मी मजकुरातून काढून टाकली होती. माझं नाव, माझं दुकान. १२ ऑगस्ट २०२२.

त्या दिवशी स्वरूपा बेचाळीस वर्षांची होती. निदान झालं फेब्रुवारी चोवीसमध्ये.

सोमनाथनं ठेवलेला चहा तसाच राहिला. ही अक्षरं माझ्या बोटांनी मारली होती. ती समोरच्या स्टुलावर बसून माझं टाईप होण्याची वाट बघत असेल, कारण टाईप झालेली पानं ती दुकानातच बसून घ्यायची. मी तिला पानं दिली असतील आणि पुढचं काम घेतलं असेल.

मी तो परिच्छेद निवडला आणि पुसला. फाइल जतन केली. घरी गेलो, जेवलो नाही. सकाळी दुकान उघडून परत टाईप केला. या वेळी वाचून. वर दोन हॅश दिले आणि मूळ नोट्समध्ये नसलेलं शीर्षक घातलं : दुखत नाही म्हणून सांगितलं नाही.

फाइल द्यायला मी एसटीनं इंदापूरला गेलो, स्वरूपाच्या रोजच्याच गाडीनं. निमगाव केतकीला बाजाराची गर्दी चढली, तेवढंच आठवतं.

मोनालीनं रिकाम्या वर्गात मोबाइलवर फाइल उघडली. 'गाठ' शोधलं. सात ठिकाणी सापडलं. पाचव्या ठिकाणी ती थांबली.

"काका, हे शीर्षक मॅडमचं न्हाय."

"न्हाय. माझं हाय."

"मी म्हणलं होतं, वाढवायचं न्हाय." मग तिनं खालचं वाचलं, आणि माझ्याकडे बघितलं. "हे उदाहरण आमाला शिकवलं होतं. आमाला वाटलं रचलेलं हाय." ती बेंचवर बसली. "काका, मॅडमच होत्या का ह्या?"

मी मान डोलावली.

ती हळू म्हणाली, "पोरींनी विचारलं होतं, ही बाई घरी सांगत का न्हाय? मॅडम हसल्या. म्हणल्या, तोंडानं बोलवत न्हाय तिला. पन नवऱ्याला लिहून दिलंय. बघू, वाचतोय का."

वर्गात पंखा चालू होता. मला त्याचाच आवाज येत राहिला. कळायला मार्ग नव्हता, असं मी ज्यांना ज्यांना सांगितलं, ते चेहरे एकेक करून समोर यायला लागले.

"तुमी पाणी घ्या," मोनाली म्हणाली. "हे शीर्षक राहू द्या. असू द्या."

"असं नको," मी म्हणालो. "यादी दाखव."

तिनं शीर्षकांची यादी उघडली. फक्त धडे दिसत होते. उपविषय धड्यांच्या आत मिटलेले. नववा धडा उघडल्याशिवाय ते नाव दिसत नव्हतं.

मी तिच्या लॅपटॉपवर फाइल मागितली. तो परिच्छेद उचलून धड्याच्या शेवटी नेला, नाहीतर त्याच्यानंतरचे उपविषय त्याच्या पोटात गेले असते. मग शीर्षकापुढच्या दोन हॅशपैकी एक काढला आणि फाइल जतन केली.

स्वरूपानं चौदा धडे लिहिले होते. यादीत आता पंधरा दिसतात.