मास्तरांची दोन बोटं

तीस सेकंदांचं काम म्हणून मी फाईल उघडली आणि चुकीची तर उघडली नाही ना, म्हणून तिचं नाव पुन्हा वाचलं.

समोर खुर्चीवर टेलरमास्तर बसले होते. त्यांचं दुकान आमच्या प्रिंटिंगच्या दुकानापासून चौथं. सहा वर्षांपूर्वी त्यांनी नि काकूंनी ते उघडलं, त्यानंतर लगेच आठ बाय तीनचा बॅनर मीच करून दिला होता. आता काकू जाऊन चार महिने झाले होते. बॅनर वाऱ्याने मधोमध फाटला होता, म्हणून मास्तर नवा करायला आले होते.

"ब्लाऊज, फ्रॉक काढून टाका ताई. ते ती शिवायची. मला नुसतं शर्ट-पँट नि अल्टर. आणि तो फोटो आहे ना आमचा दोघांचा, तो वेगळा काढून द्या. फ्रेम करायचीय."

"देते की. त्यात काय एवढं!" मी म्हटलं. माझी ही जीभ एक दिवस मला खड्ड्यात घालणार आहे.

तो फोटो उद्घाटनाच्या दिवशीचा, काकूंच्या मोबाईलवर काढलेला. काकू पुढे, गळ्यात मापाची टेप. मास्तर बाजूला, त्यांचा हात काकूंच्या खांद्यावर. बॅनरसाठी फोटो देताना मास्तरच म्हणाले होते, "मला कापा हो. माझं थोबाड बघून कोण येणार? हिचं नाव आहे." मी त्यांना कापलं नव्हतं, मास्क लावून झाकलं होतं. मास्क म्हणजे फोटोवर टाकलेला पडदा. फोटो खाली आहे तसाच राहतो. मी थट्टेने शिफ्ट दाबून क्लिक केलं, पडदा गेला आणि मास्तर परत हजर. मग फोटोवर एकावर एक ठेवलेले अक्षरांचे थर, म्हणजे लेअर, त्यांच्यासमोरची डोळ्यांची छोटी चिन्हं एकेक करून बंद केली. अक्षरं गेली, फोन नंबरची पट्टी गेली, खाली दोघं जण अखंड.

"बघा, कुठं गेला नाहीत तुम्ही. नुसते लपलाय," मी म्हटलं होतं. काकू तोंडावर हात ठेवून केवढ्या हसल्या होत्या!

हे सगळं मास्तरांच्या लक्षात होतं. म्हणून तर ते निवांत बसले होते.

आणि माझ्या स्क्रीनवर कोपऱ्यात एकच लेअर दिसत होता. सगळं चेपून, चिकटवून एक केलेलं चित्र. पडद्यामागचं काही नाही, अक्षरांखालचं काही नाही.

काय झालं असणार ते मला तिथल्या तिथे कळलं. छपाईला फाईल पाठवताना आम्ही लेअर एकत्र करतो आणि ती वेगळ्या नावाने सेव्ह करतो. त्या दिवशी मशीनवाला आतून ओरडत असणार, "ताई, मशीन रिकामं आहे!" आणि मी वैतागून लेअर एकत्र केले, कंट्रोल-एस दाबलं आणि फाईल बंद केली. मूळ फाईलवरच. एकदा बंद केली की मागे जायची सोय नाही. बावीस वर्षं हे काम करतेय. नवीन येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी हेच बजावते, आणि मेली मीच ते विसरले.

"सापडला?" मास्तरांनी विचारलं.

"कॉम्प्युटर जुना झालाय हो. गुरुवारी या," मी म्हटलं. खोटं बोलताना माझा आवाज नेहमीपेक्षा गोड होतो.

ते गेल्यावर मी सगळं पालथं घातलं. गिऱ्हाइकांच्या फोटोंचा फोल्डर मालकांनी जागा होत नाही म्हणून कधीच उडवला होता. बॅकअपच्या डिस्कवर तीच चेपलेली फाईल. काकूंचा मोबाईल त्या आजारी असताना हॉस्पिटलच्या बाकावरून चोरीला गेला होता, हे मला माहीत होतं. माझ्या स्वतःच्या फोनवर तो फोटो आला होता, पण तो फोन मी तीन वर्षांपूर्वी बदलला. तरी जुना कपाटातून काढला, चार्जरला लावला. त्याने डोळाही उघडला नाही.

"अगं, एवढं काय? चेपलेल्यावरून नवीन बनव," मालक म्हणाले.

बनवायचं तर होतंच. मी चेपलेलं चित्र तळाच्या लेअरवर ठेवलं, अर्धं पुसट केलं आणि हलू नये म्हणून कुलूप लावलं. आधी आळशीपणाने ऑटो-ट्रेस, म्हणजे मशीनलाच आपोआप गिरवायला लावून बघितलं. कात्रीचा आकार उंदराने कुरतडल्यासारखा आला, कडेला शेकडो ठिपके. ते सगळं पुसलं आणि पेन टूल घेऊन हाताने गिरवायला बसले. वळणाला एक ठिपका, दांडी ओढून वाक जुळवायचा, पुढच्या वळणाला दुसरा. कात्री चोवीस ठिपक्यांत बसली. शिलाई मशीन, रीळ, कडेची टाक्यांची नक्षी. टाका एकच काढला आणि त्याच्या नकला ओळीत लावल्या. मग अक्षरं. जुना फॉन्ट आता नव्या मशीनवर चालत नव्हता. त्याच्या जवळचा शोधला, मजकूर पुन्हा टाइप केला, जुन्या अक्षरांवर ठेवून रुंदी जुळवली. 'ब्लाऊज, फ्रॉक'सुद्धा टाइप केलं. ते काढायचंय हे ठाऊक असून केलं. शेवटी काकूंना कापून वेगळं ठेवलं आणि तळाचं चित्र काढून टाकलं. दोन दिवसांत अकरा लेअर झाले. जुन्याहून देखणे.

या सगळ्यात माझ्या मनात एक वेडी आशा होती. सगळं इतकं तंतोतंत उभं केलं तर मास्तरही कुठून तरी परत येतील. मूर्खपणा नुसता! रेषा मला गिरवता येते, कारण ती दिसते. अक्षर टाइप करता येतं, कारण ते वाचता येतं. जे दिसतच नाही ते कशावरून गिरवू?

मालकांनी सुचवलं म्हणून फोटोतली रिकामी जागा आपोआप भरणारं बटणही दाबलं. काकूंच्या शेजारी एक गोरापान, मिशीवाला, हसरा गृहस्थ उभा राहिला. लगेच पुसला.

पुसताना काकूंचा खांदा मोठा करून बघितला, तेव्हा ती दिसली. टेपवर दोन बोटं. मास्तरांची. मास्क लावताना टेप कापली गेली असती म्हणून मी ती तशीच सोडली होती. खालून बघणाऱ्याला टेपची घडी वाटावी इतकीच. मी खुर्चीतून उठले, पाणी प्यायले आणि परत येऊन बसले.

तिथेच मला पुढची दुर्बुद्धी सुचली. बोटं आहेत, तर माणूस जोडता येईल. मास्तरांचा आजचा फोटो काढायचा, तसाच उभा करून, आणि तिथे बसवायचा. रंग जुळवला, थोडा धूसर केला की कोणाला कळतंय!

गुरुवारी मास्तर आले. स्वच्छ शर्ट, केस विंचरलेले. फ्रेमच्या दुकानात माप सांगून आले होते.

"आधी एक फोटो काढते तुमचा. बॅनरसाठी," मी म्हटलं. भिंतीपाशी फ्लेक्सचा एक रोल उभा केला. "याच्यावर हात ठेवून उभे राहा. असा, जरा तिरके."

मास्तर उभे राहिले. रोलवर हात ठेवला आणि पुन्हा उचलला.

"हा उंच आहे. ती याच्याहून दोन बोटं बुटकी होती."

मी मोबाईल खाली घेतला. मास्तरांनी रोलशेजारी, टोकाच्या जरा खाली, हवेत हात धरला. बरोबर तेवढ्याच उंचीवर. माणसाचं माप घेण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मला काय वाटलं होतं, यांना कळणार नाही?

"ताई," ते हळू म्हणाले, "माझा फोटो कशाला? मी आत आहे ना?"

मला रडूच फुटलं. पन्नाशीची बाई, दुकानात भर दुपारी हुंदके देत होते. सगळं सांगितलं. मशीनवाला, घाई, कंट्रोल-एस, जुन्या कॉम्प्युटरचं खोटं, हे नाटक. "माझी चूक. दुसऱ्या कोणाची नाही. शिव्या घाला मला."

त्यांनी शिव्या घातल्या नाहीत. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"घरी लग्नातला फोटो आहे," ते म्हणाले. "त्यात आम्ही दोघं घाबरलेलो. नीट ओळखसुद्धा नव्हती. तीस वर्षांत चारचौघांत तिच्या खांद्यावर हात ठेवला तो एकदाच. तिनेच ओरडून सांगितलं होतं, ठेव की, काय चावतेय का मी."

मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्क्रीनवर ती बोटं मोठी करून दाखवली. ते वाकून बघत राहिले. मोठी केल्यावर ती बोटं राहतच नव्हती, नुसते मातकट चौकोन होत होते.

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि ही नवीन फाईल कसली?"

"बॅनर पुन्हा बनवलाय. सगळं वेगवेगळं केलंय. आता हवं ते बदलता येईल."

"मग ते डोळे बंद करा ना. त्या दिवसासारखे."

"मास्तर, खाली काही नाहीये."

"करा तरी."

मी केले. टाइप केलेली अक्षरं गेली. नंबरची पट्टी गेली. कात्री गेली, मशीन गेलं, टाके गेले. चेपलेल्या चित्रातून कापून ठेवलेल्या काकू होत्या, त्यांच्या पोटावर पट्टीच्या आकाराचं भोक. शेवटी त्यांचाही डोळा बंद केला. स्क्रीनभर पांढऱ्या नि राखाडी चौकटी उरल्या. रिकाम्या जागेची खूण ती.

मास्तर अजून थोडा वेळ बघत होते, कोणीतरी यायचं बाकी असल्यासारखे.

"शिवण उसवली तर आमच्याकडे कापड तरी राहतं," ते म्हणाले.

मग उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "बॅनरवर फोटो नको आता. ती एकटी कशाला? लोक विचारत बसतील. त्या जागी काहीतरी लिहा."

"काय लिहू?"

"लिहा काहीही. कामाचं."

ते फ्रेमवाल्याला नको म्हणून सांगायला गेले. मी पुन्हा सगळे डोळे उघडले आणि काकूंचा लेअर काढून टाकला. फाईल तीन ठिकाणी सेव्ह केली, नावं तपासून. मग मोकळ्या झालेल्या जागेत मोठ्या अक्षरात टाइप केलं: 'येथे सर्व प्रकारची दुरुस्ती करून मिळेल.'