भागूबाईचं पांढरं लुगडं

भागूबाईंनी पदर डोक्यावर घ्यायला हात वर केला आणि पदर कानाशीच थांबला. त्यांनी ओढून पाहिला, तर मागचा कासोटा सुटला. कासोटा नीट खोचला, तर पुढच्या निऱ्या दोनच उरल्या. खाली पाहिलं तर पोटऱ्या उघड्या.

"न्हाई पुरत," त्या म्हणाल्या.

जयंतीच्या मिरवणुकीसाठी गावातल्या अकरा जणींनी आपापले पैसे घालून सारखी पांढरी नऊवारी लुगडी घेतली होती. निळे काठ, सुती पोत, हाताला मऊ. जयंती मंडळाचा सचिव भागूबाईंचा मुलगा धम्मानंद. जवळा बाजार गावातल्या दुकानातून त्यानंच माल आणला होता. तो दारात उभा राहून मोबाईलवर मिरवणुकीचा रस्ता कोणाला तरी सांगत होता. आईकडं पाहून त्यानं फोन खाली घेतला.

"तुझी उंचीच तशी हाय ना, आई. रूपाबाईला बराबर बसलं की."

रूपाबाई शेजारीण. उभ्या राहिल्या तर भागूबाईंच्या खांद्याला लागायच्या.

हे ऐकतच भागूबाईंचा जन्म गेला होता. लग्नात नवऱ्यापेक्षा उंच दिसू नये म्हणून वाकून उभं राहायला लावलं होतं. बस, बाज, चप्पल, सगळ्यांत खोट त्यांच्याच अंगात निघायची. आता कापडाचंही तेच.

"मी वाढले न्हाई पोरा. मागल्या तीस वर्षांत एक बोटही वाढले न्हाई. माझ्या जुन्या लुगड्याचा पदर डोक्यावरून कमरेपर्यंत येतो. मग हेच काहून तोकडं पडतंय?"

सून ज्योती मशीनवरून उठली. गावातल्या बायांचे झंपर तीच शिवायची. सासूचा झंपरही तिनंच ह्याच लुगड्याच्या शेवटच्या तुकड्यातून शिवला होता, आणि कापतानाच तिच्या मनात शंका आली होती.

भागूबाईंनी लुगडं सोडून घेतलं आणि कोपरापासून मधल्या बोटापर्यंत हात लावत मोजायला लागल्या. "दोन हाताचा एक वार. नऊ वाराला अठरा हात भरायला पायजेत."

"आत्या, ते नका करू," ज्योती म्हणाली. "हात म्हणजे अठरा इंच धरतात. तुमचा हात वीस इंचाचा हाय. पुरं लुगडं असलं तरी तुमच्या हातानं कमीच भरल. मग तो दुकानदार तेच धरून बसल."

भागूबाई थांबल्या. सून खोटं बोलत नव्हती.

"मग कशानं?"

"लोखंडी टेपानं. माझी शिवणाची फीत जुनी झालीय, ताणून लांबलीय. तिचा भरवसा न्हाई."

शेजारच्या सुतार कोंडीबाकडून ज्योतीनं नवा टेप आणला. अडचण एवढीच होती की भागूबाईंच्या लुगड्याचा झंपर शिवून झाला होता, कापलेलं कापड कोण मोजून घेणार? न कापलेलं लुगडं लागत होतं. रूपाबाई आधी द्यायला तयार नव्हत्या.

"माझं बरं बसतंय बाई. उगं कशाला उघडायचं?"

"झंपर काढलाय का त्यातून?" ज्योतीनं विचारलं.

"अजून न्हाई."

"म्हणून बसतंय. झंपर कापला की बसायचं न्हाई."

रूपाबाईंनी मग लुगडं आणून दिलं. चटईवर चटई जोडून ओसरीत लांब जागा केली. ज्योतीनं कापड सपाट पसरलं, तळव्यानं सुरकुत्या काढल्या, पण कुठं ताणलं नाही. "ताणलं की सुती कापड दोन-चार बोटं उगीच देतं आन सोडलं की परत घेतं," ती म्हणाली. काठाच्या कडेनं तिनं टेप लावला. प्रत्येक मीटरला खडूनं बारीक खूण केली आणि पुढचं माप त्याच खुणेवरून सुरू केलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ मीटर वीस भरलं.

"हे बघा. नऊ वार म्हणजे आठ मीटर तेवीस. एवढ्या कमीला मी भांडले नसते. पण हे झंपरासकट हाय."

तिनं पाकिटावरची चिठ्ठी पुढं धरली. त्यावर ठळक छापलं होतं: साडी आठ मीटर वीस, ब्लाऊज पीस ऐंशी सेंटीमीटर, पन्हा एक मीटर वीस.

"म्हणजे दोन्ही मिळून नऊ मीटर पायजे होतं. हे आठ वीसच हाय. झंपराचे ऐंशी सेंटीमीटर काढले की लुगडं उरतं सात चाळीस. आठ वाराहून इतकंच जास्त." तिनं चार बोटं जुळवून दाखवली. "नऊवारी म्हणून आठवारी दिलीय."

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, तोही तिनं तीन ठिकाणी मोजला, दोन्ही टोकांना आणि मधोमध. सगळीकडं एक मीटर बारा. चार बोटं कमी. म्हणून पोटऱ्या उघड्या.

धम्मानंद एव्हाना आत आला होता. त्यानं टेप हातात घेऊन आपणच एकदा मोजलं आणि टेप खाली ठेवला.

"बरं, कमी हाय. पण जयंती तोंडावर आलीय. आता भांडण काढलं तर मंडळाचं नाव खराब होईल. लोक म्हणतील, सचिवाला कापड पारखता येईना. या वर्षी नेसा. पुढल्या वर्षी बघू."

"लोक म्हणतील ते मी ऐकीन," भागूबाई म्हणाल्या. "पण आखूड लुगडं नेसून निळ्या झेंड्याखाली चालणार न्हाई."

"आई, माझी जरा अब्रू राख."

"अन् अकरा बायांची?"

बाजाराच्या दिवशी त्या, ज्योती आणि रूपाबाई रिक्षानं जवळा बाजारला गेल्या. सोबत दोन लुगडी, टेप आणि बिल. धम्मानंद आला नाही. दुकान बाजाराच्या मुख्य रस्त्यावर होतं. समोर कांद्याचे ढीग, मिरच्यांची पोती, आत पांढऱ्या गाद्या.

"या मावशी, बसा," दुकानदार म्हणाला. तक्रार ऐकून तो हसला. "मावशी, तुमची उंची बघा की. स्टँडर्ड माल आहे. साऱ्या बायांना बसतो."

"मला उंची विकत न्हाई दिली तू," भागूबाई म्हणाल्या. "कापड विकलंस. कापडाचं बोल."

"धुतली असेल. सुती माल पाण्यात आटतो."

"हे पाण्यात घातलंच न्हाई," ज्योतीनं रूपाबाईंचं लुगडं पुढं केलं. "घडी बघा, कांजी बघा. आन आटलं तरी मीटरभर आटत न्हाई."

दुकानदारानं लोखंडी मीटर घेतला आणि मोजायला लागला. दोन्ही हातांनी कापड खेचून धरायचा, मीटरच्या टोकाला अंगठा ठेवायचा आणि पुढचं माप अंगठ्याच्या अलीकडून धरायचा. "एक... दोन... तीन..." त्याचा आवाज मोठा होता. रस्त्यावरची चार माणसं थांबली.

"थांबा," ज्योती म्हणाली. "ताणू नका. आन अंगठ्याच्या अलीकडून धरताय, तेवढं कापड दोनदा मोजलं जातंय. खाली टाका. खूण करून मोजा."

"मी तीस वर्षं कापड मोजतोय."

"मग खूण करायला किती वेळ लागतोय?"

 दुकानदारानं मीटर गादीवर ठेवला आणि गडी पाठवून चहा मागवला. चहा कोणी घेतला नाही.

"त्याच गठ्ठ्यातलं नवं पाकीट फोडा," भागूबाई म्हणाल्या. "आमी घरी कापलं म्हणाल, धुतलं म्हणाल. तुमच्या गादीवरचं तर तसं न्हाई ना."

"सील फुटलं की मी ते कोणाला विकू?"

"पुरं भरलं तर मीच घेईन. समद्यांपुढं बोलतेय."

दारात आता गर्दी झाली होती. दुकानदारानं गर्दीकडं पाहिलं आणि पाकीट फोडलं. ज्योतीनं गादीवर कापड सपाट पसरलं, खडूनं खुणा करत टेप लावला. आठ मीटर वीस, ब्लाऊज पीस धरून. पन्हा एक बारा. पाकिटावर छापलेलं तिनं मोठ्यानं वाचलं. मग गर्दीतली एक बाई पुढं आली आणि आपल्या पिशवीतलं पाकीट चाचपत म्हणाली, "माझंबी बघा की."

दुकानदारानं भागूबाईंना बाजूला बोलावलं. आवाज खाली आणला. "मावशी, तुमच्यासाठी खास दहा वारी मागवतो. तुमच्या मापाची. बाकीच्यांची तक्रार नाही ना? हा विषय इथंच सोडा."

भागूबाई बाजूला गेल्या नाहीत. आहे तिथंच, मोठ्यानं बोलल्या.

"मला खास नको. नऊ वार विकलंस, नऊ वार दे. अकराही जणींना, झंपर वेगळा. बुटकीला आखूड पुरतं म्हणून आखूड द्यायचं का? तिनंही पैसे नऊ वाराचेच मोजलेत."

रूपाबाई इतका वेळ मागं उभ्या होत्या. त्या पुढं झाल्या. "व्हय. माझीबी तक्रार हाय. लिहून घ्या."

"कंपनीचा माल आहे. मी काय करू?"

"तुमी कंपनीला विचारा. आमी वजनमापं तपासणाऱ्या वैधमापनवाल्यांना विचारतो," ज्योती म्हणाली. "छापलेलं माप आन आतलं माप, दोन्ही दाखवतो." तिनं फोडलेल्या पाकिटाचा, टेपाचा आणि कापडाचा एकत्र फोटो काढला. आपली दोन्ही लुगडी घडी करून पिशवीत घातली. पुरावा म्हणून ती आपल्याकडंच ठेवायची, नवी मिळाल्याशिवाय द्यायची नाहीत, हे तिनं रिक्षातच सासूला सांगून ठेवलं होतं.

जयंतीपर्यंत बदलून माल आला नाही. धम्मानंद सकाळी म्हणाला, "आई, आजच्या दिवस समद्या जणी ती पांढरी नेसा. सारख्या दिसाल. फोटो चांगला येईल."

भागूबाईंनी पेटीतून हिरवं जुनं लुगडं काढलं. काठ विटलेला, पण पदर डोक्यावरून खाली पाठीवर येत होता. दुसऱ्या दहा जणीही आपापली नेसून आल्या. कोणी जांभळं, कोणी विटकरी, कोणी कामाचं धुऊन स्वच्छ केलेलं. पांढरी लुगडी घरोघरी पाकिटात राहिली.

"बायांची लुगडी सारखी न्हाईत, मागं ठेवू का?" मंडळातल्या एकानं धम्मानंदला विचारलं. धम्मानंदनं आईकडं पाहिलं. भागूबाई ताठ उभ्या होत्या, साऱ्यांपेक्षा डोकं वर. तो काही बोलायच्या आत त्या चालायला लागल्या आणि झेंड्याच्या मागोमाग गेल्या. बाया त्यांच्या पाठी. रूपाबाईंनी घोषणा दिली, तेव्हा पुढचे ढोलवालेही वळून पाहायला लागले. धम्मानंद थोडा वेळ कडेनं चालला. मग कोणाच्या तरी हातातली निळी पताका घेऊन आईच्या शेजारी आला. 

पंधरवड्यानं दुकानाची गाडी गावात आली. ज्योतीची तक्रार हिंगोलीच्या वैधमापन कचेरीत पोचल्यावर दुकानदारानं स्वतःच फोन केला होता. अकरा पाकिटं, झंपराचं कापड वेगळं. सोबत आलेला माणूस घाईत होता. त्यानं सही मागितली.

"थांबा दादा," भागूबाई म्हणाल्या. चटया पसरल्या होत्या, ज्योती टेप घेऊन बसली होती. "आधी एकेक मोजू. रूपाबाई, तुमचं पहिलं आणा."

"अकरा मोजायची म्हणजे संध्याकाळ होईल, मावशी."

"होऊ द्या."

पहिलं लुगडं चटईवर सपाट उलगडलं. माणूस बाजेवर टेकला. ज्योतीनं काठाशी टेप धरला आणि खडूनं पहिली खूण केली.