बाजाराच्या दिवशीची गोळी

छकुलीच्या गोळीबद्दल सांगून सांगून डॉक्टर संजीवनींच्या तोंडाला फेस आला होता. सात वर्षांची पोर, लहानपणीच्या संधिवातानं दोन्ही गुडघे सुजलेले. पुण्याच्या तज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं आणि पुढची देखरेख बारामतीत संजीवनींकडे आली. ही गोळी आठवड्यातून एकदा घेतली तर पोर पळायला लागते, आणि रोज घेतली तर तीच गोळी अंगात रक्त तयार होणं बंद पाडते. म्हणून चिठ्ठीवर त्यांनी काही म्हणजे काही बाकी ठेवलं नव्हतं. औषधाचं पूर्ण नाव, ते कशासाठी, दहा मिलिग्रॅमची एक गोळी, आठवड्यातून एकदाच, वार गुरुवार, आणि खाली जाड अक्षरांत ‘रोज नाही’. गोळ्या चारच, चार आठवड्यांच्या. एवढं करूनही कुणी चुकलं तर डॉक्टरनं काय घरोघर गोळ्या भरवत फिरायचं?

मे महिन्यातल्या त्या सोमवारी सकाळी स्वरूपा रांग मोडून थेट आत आली. माळेगावच्या कारखान्यात कामाला असलेल्या दिग्विजयची ही बायको, छकुलीची आई. पोर तिच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. मागून स्वरूपाची आई छबूबाई, इंदापूरची, हातात पिशवी घेऊन.

“मॅडम, तोंड आलंय हिचं. पाणीसुद्धा गिळंना,” स्वरूपा म्हणाली. “काल रातच्याला तापबी आला.”

“उष्णता झाली ओ,” छबूबाईंनी मागून पुस्ती जोडली. “मी सब्जा दिला, गुलकंद दिला. पर उतार न्हाय.”

संजीवनींनी बॅटरी घेऊन पोरीच्या तोंडात पाहिलं. जीभ, गाल, ओठांच्या आतली बाजू, सगळीकडे जखमा. दंडावर लाल बारीक ठिपके.

“संधिवाताची गोळी कधी दिली?”

“गुरुवारी,” स्वरूपा म्हणाली. “म्हंजी मी न्हाय दिली. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं आपरेशन व्हतं, म्हणून सुट्टीला हिला इंदापूरला धाडली. आईला सगळं समजावून सांगितलं व्हतं.”

“पट्टी कुठंय?”

छबूबाईंनी पिशवीतून पट्टी काढून टेबलावर ठेवली. दहा गोळ्यांची पट्टी, तीही नवी, इंदापूरला जाताना घेतलेली. त्यातली सहा घरं फुटलेली. संजीवनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“रोज दिली?”

“व्हय की,” छबूबाई निर्धास्तपणे म्हणाल्या. “एक दिस चुकवली न्हाय. हे बाजारावरनं आलं, की पयली गोळी आन मग जेवण.”

“अगं आई!” स्वरूपा किंचाळलीच. “बाजाराच्या दिवशी द्यायची म्हणून सांगितलं व्हतं ना मी?”

“मग? आमचा रोजच बाजार असतोय की!”

छबूबाई आणि त्यांचे मालक मोहनराव डाळिंबं आणि भाजी विकायचे. रविवारी इंदापूर, सोमवारी दुसरं गाव, मंगळवारी तिसरं. टेम्पो भरायचा आणि ज्या गावचा बाजार असेल तिथं कापडाचं पाल ठोकायचं. त्या घरात बाजाराचा दिवस नसलेला दिवसच नव्हता.

“पण चिठ्ठीवर गुरुवार लिहिलाय!” संजीवनी कडाडल्या. “मोठ्या अक्षरांत! बाजार कुठून आला मध्येच?”

स्वरूपानं मान खाली घातली. “तुमीच म्हणला व्हता, मॅडम. मी म्हणलं, गुरुवारी बारामतीचा बाजार असतोय. तर तुमी म्हणला, मग ध्यानात ठेवायला सोपं, बाजाराच्या दिवशीची गोळी म्हणायचं. तवापास्नं आमी घरात तेच म्हणतोय.”

संजीवनींना तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणाल्या होत्या त्या. वर आपल्या हुशारीवर खूशही झाल्या होत्या. पण रागवायला किंवा लाजायला आता वेळ नव्हता. बाहेरच्या पेशंटांना थांबवून त्यांनी मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला, पुण्याच्या तज्ज्ञांना गाठलं, आणि छकुलीला स्वतःच्या गाडीत घातलं.

“हिच्या जोडीला दिलेली फोलिकची गोळी हाय की घरात. ती जास्त दिली तर न्हाय का चालायचं?” गाडीत स्वरूपानं विचारलं.

“नाही चालायचं. यावर उतारा म्हणून ल्युकोव्होरिन लागतं, त्याचं इंजेक्शन. आणि ते आत्ता लागतं.”

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्यात जमा होत्या, प्लेटलेटही खाली. इंजेक्शन रिपोर्टची वाट न बघता आधीच सुरू केलं होतं. सलाईन, तापासाठी अँटिबायोटिक, वेगळी खोली, आत जाणाऱ्यानं हात धुऊन मास्क लावायचा. बाकी पेशी परत वर येतात का, एवढंच बघत बसायचं. दिग्विजय कारखान्यातून धावत आला आणि “वाचंल ना?” असं विचारून भिंतीला टेकला. संजीवनी “प्रयत्न चाललेत” म्हणाल्या. या दोन शब्दांचा त्यांना स्वतःलाच संताप आला.

तो संताप घेऊन त्या औषधाच्या दुकानात गेल्या. दुकानदार सुयोग गल्ल्यावर होता.

“चार लिहिल्या होत्या. दहा का दिल्या?”

“मॅडम, पट्टी फोडली की उरलेल्या कुणी घेत नाही,” सुयोग म्हणाला. “आणि मागं बॅच नंबर, मुदतीची तारीख एका कोपऱ्यात असते. कापली की तीही जाते. सगळेच अख्खी देतात.”

“तुम्ही चार दिल्या असत्या तर सहा पोटात गेल्या असत्या का?”

संजीवनींनी त्याला आणखी चार शब्द ऐकवले. त्यानं ऐकून घेतले आणि मग हळूच विचारलं, “पट्टी देताना तोंडी कुणी सांगितलं होतं, रोज नाही म्हणून? मी तर नाही सांगितलं. नुसती पिशवीत घातली.” मग दोघांनी उभ्या उभ्या ठरवलं. तारीख नि बॅच असलेला कोपरा दुकानात ठेवायचा, चार गोळ्या चार वेगळ्या पाकिटांत, प्रत्येकावर मुलाचं नाव, वार आणि तारीख. आणि देताना घेणाऱ्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, कधी देणार ते. संजीवनी गाडीत बसल्या तरी धुमसतच होत्या. हे सगळं सुचायला एका पोरीचं रक्त आटावं लागलं.

काही दिवस पेशींचा आकडा जागचा हलला नाही. मग एका सकाळी थोडा वर सरकला. दुसऱ्या दिवशी आणखी. ताप उतरला, तोंडातल्या जखमा भरत आल्या, आणि छकुलीनं पहिल्यांदाच भात मागितला. मऊ, दूध घातलेला, आणि आजीच्या हातचा.

छबूबाई खोलीच्या दाराबाहेर बाकावर बसून असायच्या. आल्या दिवसापासून त्यांनी आत पाऊल टाकलं नव्हतं. स्वरूपानं वाटी पुढं केली तर त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

“मी न्हाय भरवायची. माझ्या हातानं पोरीच्या पोटात काय बी जायला नगं.”

“आई, आता कशाला गं असं?” स्वरूपा रडकुंडीला आली.

“आवं, मी रोज मायेनं दिली,” छबूबाई संजीवनींना म्हणाल्या. “कडू हाय म्हणायची, तर गूळ द्यायची वरनं. दाबून दाबून दिली मी.”

संजीवनी कितीतरी दिवस चिडल्या होत्या. चिठ्ठी न वाचणाऱ्यांवर, पट्टी न फोडणाऱ्यांवर, सगळ्या जगावर. या बाईवरही चिडून झालं होतं. आता त्यांचा सगळा वैताग एकदम गळून गेला. त्या बाकावर शेजारी बसल्या.

“छबूबाई, तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही एक दिवस न चुकता केलंत. सांगणं माझं चुकलं. दिवसाचं नाव सोडून मी भलतंच सोपं करायला गेले.”

छबूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. डॉक्टर असं काही बोलतात, हे त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं.

“आतून हाक मारतीय ती,” संजीवनी म्हणाल्या. “हात धुवा. मास्क लावा. गोळीचं आम्ही बघू, तुम्ही भात भरवा.”

छबूबाईंनी हात धुतले. खसाखसा, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा, शेवटी स्वरूपानं नळ बंद करेपर्यंत. मग वाटी घेऊन आत गेल्या. छकुलीनं आ केला. घास हातात धरून छबूबाई दारात उभ्या असलेल्या संजीवनींकडे वळल्या आणि त्यांनी विचारलं,

“देऊ का, डाक्टरीणबाई?”