घरटी एक पान

लग्न हा दोन कुळांचा पवित्र संबंध असतो, असे भगवंतराव मास्तरांनी वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहिले होते. त्याखाली लगेच पत्रावळ्यांचा भाव होता.

मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शाळाखात्यात सव्वीस वर्षे हजेरीपट भरून मास्तर डोणगावात घरी बसले होते. धाकटी लेक कोकिळा हिचे लग्न त्यांनी त्याच पद्धतीने करायचे ठरवले. वहीत रकाने आखले: नाव, गाव, आवतन, जबाब, पाने. बाहेरगावी पोस्टकार्डे गेली, त्यांचे जबाब आले. वरपक्ष धरून येणार दोनशे साठ. गावात तोंडी आवतन द्यायचे काम धाकट्या भावाकडे, उकंडरावाकडे होते.

"घरटी एक पान सांग," मास्तरांनी बजावले होते. "एका घरातून एक माणूस."

उकंडराव तीन दिवस गावभर फिरला आणि त्याने आणलेल्या जबाबांच्या रेघा घरच्या भिंतीवर कोळशाने मारल्या. एकशे चाळीस घरे, एकशे चाळीस होकार. मास्तरांनी बेरीज केली: पाने चारशे. शिधा, तेल, सरपण, पत्रावळ आणि बुंदी मिळून पानामागे चार आणे. एकूण शंभर रुपये. शेजारच्या पानावर कोणाला कधी काय द्यायचे ते होते. आचारी पंचवीस: पाच विसार, दहा चूल पेटताना, दहा पंगत उठल्यावर. वाजंत्री पस्तीस आणि वरातीच्या गॅसबत्त्या वीस. दोघांना पाच-पाच विसार दिलेला, बाकी लग्नाच्या दिवशी. अडीअडचणीला चाळीस. वही इतकी नेटकी होती की मास्तर ती बायकोला वाचून दाखवत. अन्नपूर्णाबाई ऐकत ऐकत शेंगा फोडत.

काळजी एकच होती. व्याही रामराव साखरपुड्यात सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मास्तर, गोड काही बी करा, नाही केलं तरी चालीन. पण पान कमी पडलं तर सून इथंच ठेवून जाईन, सांगून ठेवतो." लोक हसले होते. रामराव हसले नव्हते.

लग्नाला चार दिवस उरले असताना अन्नपूर्णाबाई विहिरीवरून रिकामी घागर घेऊन आल्या.

"आइकलं का? झुंबरबाईच्या घरचे अकरा जण येऊन राह्यले लग्नाले."

"अकरा कसे? वहीत एक आहे."

"वहीले विचारा मंग."

मास्तरांनी वहीला नाही, उकंडरावाला विचारले. तो ओट्यावर तंबाखू मळत होता.

"उकंड्या, तू लोकांना नेमकं काय सांगितलंस?"

"आवतन देल्लं न दादा. चुलीले."

पानाचे आवतन म्हणजे एक माणूस. चुलीचे आवतन म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही. म्हातारी, लेकरे, आलेला पाहुणा, सगळे मांडवात.

"अरे, घरटी एक पान म्हटलं होतं मी!"

"आता दादा, दारात उभं राहून 'तू ये, बाकीचे राहा' असं कोणाले म्हणता येते का? जीभच उचलली नाही माही."

"मग मला सांगायचं होतंस!"

"तुम्ही इचारलं किती घरं. म्या सांगतली किती घरं."

यात खोट काढता येईना, हे मास्तरांना जास्त लागले. पुन्हा घरोघर जाऊन "तुमच्याकडचे किती येणार" असे विचारणे म्हणजे पाहुण्याचे घास मोजणे. त्यानंतर गावात राहता आले नसते. तेव्हा त्यांनी अंदाज बांधला. चुलीमागे पाच माणसे. एकशे चाळीस पंचे सातशे. पाने नऊशे साठ. चार आण्यांनी दोनशे चाळीस रुपये.

कोकिळा उंबऱ्यात उभी राहून बापाच्या पेन्सिलीकडे पाहत होती. मास्तरांनी दोनदा जास्त बेरीज केली.

दुपारपर्यंत तोड निघाली. बुंदी गेली, तिच्या जागी गुळाची लापशी. पान तीन आण्यांवर आले, एकूण एकशे ऐंशी. म्हणजे ऐंशी रुपये जास्त. अडीअडचणीचे चाळीस, वाजंत्रीची बाकी तीस, गॅसबत्त्यांची बाकी पंधरा. वाजंत्री रद्द, बत्त्या रद्द. विसार बुडाला तर बुडाला. हाती उरले पाच रुपये.

"बिनवाज्याचं लगीन?" अन्नपूर्णाबाईंनी विचारले.

"वाजा कोणी खात नाही," मास्तर म्हणाले.

लग्न भर दुपारी लागले. मंगलाष्टकांनंतर उकंडरावाने पितळी परात बडवली आणि भटजी दचकले. रामराव व्याह्यांचे लक्ष चुलाण्यांकडे होते. पहिल्या पंगतीला पाहुणे आणि वऱ्हाड बसले. दोनशे साठ पाने, वहीप्रमाणे चोख. लापशी पुरली. मास्तरांनी सदऱ्याच्या बाहीने मान पुसली आणि ते गावाच्या लोंढ्याची वाट पाहत मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले.

लोंढा आला नाही. घटका गेली, दुसरी गेली. सातशे माणसांचे वरण सायीसारखे जमू लागले. आचारी येऊन म्हणाला, "पंगत उठली मास्तर, माह्ये दहा रुपये?" तेवढ्यात रामराव कातरलेली सुपारी तोंडात टाकत जवळ आले.

"काऊन हो मास्तर, गाव नाराज हाय का तुमच्यावर? वाळीत-गिळीत नाही न टाकलं? असं घर असन तर मले विचार करा लागन."

पान कमी पडेल म्हणून मास्तर चार दिवस झोपले नव्हते. पान जास्त पडले तर काय होते, याचा रकाना वहीत नव्हता.

उकंडराव धापा टाकत आला. "दादा! लोक घरीच बसले हायेत! हाती तांबे घेऊन ओट्यावर!"

"मग येत का नाहीत?"

"वाजा कुठं वाजला? पंगतीचा वाजा गावातून फिरल्याबिगर कोण उठते? बिनबलावल्यावानी येतील का थे? चुली बंद, लेकरं रडून राह्यले, पण मान सोडत नाही कोणी."

मास्तर स्वतः धावले. वाजंत्रीवाला इंद्रभान वेशीजवळ राहत होता. तोही ओट्यावर बसला होता, धुतलेला सदरा घालून, भोवती घरची सात माणसे, प्रत्येकाच्या हाती तांब्या.

"इंद्रभान, इथं काय करतोस?"

"वाजाची वाट पाहून राह्यलो, मास्तर."

"वाजा तर तुझाच आहे!"

"मले तर तुम्ही रद्द केलं न. मंग म्या म्हटलं, मेहकरचा वाजा केला असन." त्याने तांब्या वर धरला. "आवतन तर चुलीले हाय. सकाळपासून पोटात काही नाही."

मास्तरांनी पाच रुपये पुढे केले. "चल, ऊठ. वाजव."

"पैशाचं मंग पाहू. आंधी जेवतो न."

"तू वाजवल्याशिवाय कोणालाच जेवता येत नाही, बाबा. तुलासुद्धा."

इंद्रभानने यावर विचार केला, तांब्या लेकीच्या हाती दिला आणि सनई काढली. उपाशी पोटी ती जरा चिरकी लागली, पण पहिल्याच सुराला अख्खी आळी ओट्यावरून उठली. भुकेमुळे लोक वाढणाऱ्याची वाट न पाहता पत्रावळ्या मांडून बसले. "लापशी हाय का? बुंदी म्हणत होते," झुंबरबाई म्हणाल्या, आणि तीनदा घेतली. रामरावांनी गर्दी मोजल्यासारखी नजर फिरवली आणि सुनेला दमणीत बसवायला सांगितले. कोकिळेने जाताना बापाच्या पायांवर डोके टेकवले. बापाच्या हातात वही होती.

गाडी शिवेबाहेर गेल्यावर मास्तरांनी उष्ट्या पत्रावळ्या मोजून घेतल्या. अंदाजातल्या सातशेंपैकी कितीतरी शेतावर, माहेरी, बाजाराला गेलेले. गावातून जेवली तीनशे बारा माणसे, इंद्रभानची आठ धरून. पाहुण्यांसह पाचशे बहात्तर.

लापशीला एकशे ऐंशी गेले होते; बुंदीसकट चार आण्यांनी ते एकशे त्रेचाळीस रुपये होत होते.