काका – बदली

दवाखान्याच्या कचेरीत तिला सगळे नीटाताई म्हणत. टेबलावरची पेन्सिलसुद्धा तिरकी पडलेली तिला खपत नसे, म्हणून हे नाव.

सोमवारी 'रांग का लांबते?' यावर बैठक झाली. ज्याला जे सुचेल ते त्याने फळ्यावर लिहायचं होतं. ताई मध्येच फोन घ्यायला बाहेर गेली आणि परतली तेव्हा फळा गच्च भरला होता. तिने फोटो काढला आणि दुपारी एकेक मुद्दा टाइप करून बेचाळीस ओळी एकाखाली एक केल्या. मग एकमेकांशी नातं असलेले मुद्दे एकत्र आणले, गटांना मथळे दिले, मुद्दे एक पायरी आत, तपशील दोन पायऱ्या आत.

'काका – बदली' ही एकच ओळ कुठे बसेना. पेशंटच्या फाइली सांभाळणारे काका फाइलींच्या खोलीत एकटेच बसत. त्यांच्या एका ओळीसाठी वेगळा मथळा देणं ताईच्या जिवावर आलं. शेवटी तिने जागा शोधलीच:

माणसं
    बदल्या
        दोन नंबरची खिडकी – बदली
        काका – बदली
गर्दीचे दिवस
    सोमवार
    गुरुवार

दिसायला झाड कसं छान झालं! मोठे साहेब मथळे वाचत आणि खालचं सगळं मथळ्याच्या भरवशावर मंजूर करत. ताईने फाइल त्यांना आणि सगळ्यांना पाठवली आणि आठवड्याभरात काकांच्या हातात नदीपलीकडच्या शाखेत बदलीचा आदेश पडला.

"काका, तुम्हीच मागितली होती ना बदली?" ताईने विचारलं.

"बदली माणूस मागितला होता हो. गुरुवारी दोन तास. आमच्या हिचा हात चालत नाही, इथे खालच्या मजल्यावर व्यायामाला आणतो ना मी."

ताईने फोटो मोठा करून पाहिला. 'काका – बदली'पासून 'गुरुवार'पर्यंत एक फिकट बाण गेला होता. टाइप करताना शब्द आले होते, बाण फळ्यावरच राहिला होता.

ती तडक साहेबांकडे गेली.

"चूक माझी आहे, साहेब."

"असेल. पण इथे नवा माणूस कालच रुजू झाला. आता वर्षभर काही हलायचं नाही."

ताईने तरीही 'गुरुवार' उचलून काकांच्या ओळीखाली, एक पायरी आत ठेवला आणि फाइल पुन्हा सगळ्यांना पाठवली. कुणी उघडली नाही.

शनिवारी काका किल्ल्या द्यायला आले. ताई पुन्हा माफी मागू लागली.

"अहो, एवढं काय? रिक्षाने आणेन तिला. जमेल तेवढे दिवस."

"काका, इतक्या वर्षांत तुमची एक फाइल चुकीच्या कप्प्यात गेली नाही. कसं जमलं?"

"कसलं जमणं! दोन पेशंट एकाच नावाचे आले की मी खिडकीतून डोकं काढून विचारायचो, बाबा, तू नक्की कोण?"

किल्ल्या टेबलावर तिरक्या पडल्या होत्या. ताईने त्या तशाच राहू दिल्या.