सोवळ्याची तळटीप

महिपती गुरुजींच्या कवितेच्या इंग्रजी अनुवादाचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला आनंदच झाला. माणूस हातात सापडल्याचा आनंद. दिल्लीच्या मासिकाला सत्त्याऐंशी सालच्या विशेषांकासाठी ती हवी होती. अनुवादकाच्या नावावरून गुरुजींनी मला ओळखलं नव्हतं. निरोप मात्र धाडला होता: टीप नको, टिपेने कविता लंगडी होते.

सकाळी त्यांची सही घेऊन पाकीट टपालात टाकायचं होतं. बुवापाड्यातल्या खोलीत रात्रभर मी दोन ओळींवर अडलो.

आईचं सोवळं अंगणात वाळतं,
वारा तेवढा शिवतो त्याला.

‘प्युअर’ लिहिलं, तर तुपाच्या डब्याचा वास आला. ‘होली’ लिहिलं, तर म्हातारी थेट चर्चमध्ये जाऊन बसली. ‘क्लीन’ तर आमच्या दोरीवरचे कपडेही होते. ‘अनटच्ड’ जवळ आलं, पण त्याचा अर्थ कुणी शिवलं नाही एवढाच. कुणी शिवायचंच नाही, हे त्यात कुठे होतं?

दोनच्या सुमाराला वाटलं, ‘पेटिकोट’ लिहून टाकावं. होऊ दे शोभा. पण मग हसं कवितेचं झालं असतं, त्यांचं नाही. ते खोडलं. शब्द तसाच ‘सोवळं’ ठेवला आणि खाली चार वाक्यांची टीप टाइप केली.

सकाळी हेंद्रेपाड्यात त्यांच्या ओट्यावर बसलो. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

‘सोवळं : आंघोळीनंतर पूजेला नेसायचं वस्त्र. दुसऱ्याचा स्पर्श झाला तर बाटतं, म्हणून काठीने उंच वाळत घालतात. १९६० साली याच अंगणात सरपणवाल्या कौसाबाईच्या सात वर्षांच्या मुलाचा हात त्याला लागला आणि कवीने त्याच काठीने त्याला मारलं. तो मुलगा या कवितेचा अनुवादक आहे.’

त्यांचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

“टीप नको म्हटलं होतं ना मी?”

“मग एक इंग्रजी शब्द द्या, गुरुजी. आत्ता खोडतो.”

त्यांनी आतून शब्दकोश आणला. पानं उलटली, ओठ हलवले, पुन्हा उलटली. मी घाई केली नाही. रात्रभर मी जिथे होतो, तिथे आता ते होते. अकरा वाजले तरी शब्द मिळाला नाही. शेवटी त्यांनी कोश मिटला.

“कौसाचा चंदर ना तू? अरे, एवढं छापतात का? एकच तर काठी मारली होती.”

“तीन,” मी म्हणालो आणि पेनचं टोपण काढून टिपेत तो आकडा घातला. मग कागद सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवला.