पुढचं कोण वाचणार?

भाचीकडून गाळलेल्या जागा भरून घेता घेता माझ्या नाकी नऊ आले होते. पुस्तकात शब्दांची यादी दिलेली नव्हती. संदर्भावरून शब्द आपणच शोधायचा. ‘दादा खूप दमला होता, ____ तो झोपला नाही.’ हिनं दिलं ठोकून, ‘म्हणून’.

“अगं, पुढचं कोण वाचणार? दमला, तरी झोपला नाही. मग तिथे ‘पण’ नको का? जागा दिसली की कोंबला शब्द! आधी वाक्य शेवटपर्यंत वाच.”

“मावशी, मी वाचते, पण...”

“पण कंटाळा येतो! माहितीये मला.”

तिनं पेन्सिल खाली ठेवली.

“पण तू ओरडशील अशी भीती वाटते. माझं वाक्य संपायच्या आधीच तू शब्द कोंबलास.”